मांडीच्या आतल्या बाजूला चप्पल घासत नाही

«डॉक्टर, आमचे सासरे अण्णा, वय ७९. गणपतीच्या आधीपासून अंगावर पाण्याने भरलेले टम्म फोड येतायत. मांड्यांच्या आत, पोटाच्या खालच्या भागावर, दंडांना. एक टाचेवरही आहे. सासूबाई म्हणतात, आरतीला नवीन चप्पल घालून वाडीभर फिरले म्हणून. शेजारचे काका म्हणतात, 'कायतरी चावला आसतला, पावसात किडे काय कमी आसत?' खाज मात्र जूनपासूनच आहे, रात्र रात्र खाजवत बसतात. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं, मग परत तेच. त्यांना शुगर आहे, चार वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. मुंबईहून आलेले दीर म्हणाले, नागीण आहे, बिब्बा लावा. मी तूर्त थांबवलंय. हे नक्की काय आहे? आणि फोड फोडायचे का?»
– एक सून, देवगड तालुका

ताई, बिब्बा थांबवलात ते फार चांगलं केलंत. बिब्ब्याचं तेल धडधाकट कातडीवरसुद्धा फोड उठवतं. अण्णांच्या कातडीवर ते लागलं असतं, तर मूळचे फोड कुठले आणि बिब्ब्याचे कुठले हे मलाही सांगता आलं नसतं. नागीण म्हणाल, तर ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि खाजण्यापेक्षा जास्त ठणकते. दोन्ही मांड्या, पोट आणि दोन्ही दंड ती एकदम धरत नाही. तेव्हा दिरांचा अंदाज बाजूला ठेवू या.

तुमचं पत्र वाचताना मी फोडांपाशी थांबले नाही, जूनच्या खाजेपाशी थांबले. किडा आधी चावतो, मग खाजतं. चप्पल आधी घासते, मग फोड येतो, आणि तो खाजत नाही, दुखतो. अण्णांच्या बाबतीत खाज आली दोन-अडीच महिने आधी आणि फोड आले मागाहून. सत्तरी ओलांडलेल्या माणसात हा क्रम दिसला की माझ्या मनात पहिलं नाव येतं बुलस पेम्फिगॉइडचं. आम्ही ओपीडीत नुसतं पेम्फिगॉइड म्हणतो, तुम्हीही तेवढंच लक्षात ठेवा. पत्रावरून निदान होत नाही, त्यासाठी कातडीचा तुकडा तपासावाच लागतो. पण ही शंका घेऊनच तुम्ही डॉक्टरांकडे जायला हवं, नाहीतर आणखी एक ट्यूब हातात घेऊन परत याल.

हा आजार संसर्गाचा नाही. नातवंडांनी अण्णांच्या मांडीवर बसायला हरकत नाही, कपडे वेगळे धुवायचीही गरज नाही. यात घडतं असं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीला परकं समजते. तुमच्याकडे चिऱ्याच्या जुन्या घराला गिलावा केलेला पाहिला असेल. कातडीचंही तसंच आहे. आत जाड, चिवट थर, म्हणजे चिऱ्याची भिंत, आणि त्यावर बाहेरचा थर, म्हणजे गिलावा. या दोघांना धरून ठेवणारे सूक्ष्म खिळे असतात. पेम्फिगॉइडमध्ये रक्तातली प्रतिपिंडं नेमकी या खिळ्यांवर हल्ला करतात. गिलावा सुटतो आणि मधल्या पोकळीत पाणी साचतं. फोडाच्या टपाला बाहेरचा संपूर्ण थर मिळाल्यामुळे टप जाड असतं. म्हणून फोड टम्म राहतो, बोटाने हलकेच दाबला तरी लगेच फुटत नाही. कधी त्यातलं पाणी स्वच्छ असतं, कधी लालसर.

याच्या उलट, पेम्फिगस नावाच्या दुसऱ्या आजारात चीर गिलाव्याच्या आतच पडते, रंगाचा पापुद्रा सुटावा तशी. ते फोड मऊ आणि ढिले असतात, हात लागताच फुटतात, आणि बहुतेकांना आधी तोंडात जखमा होतात. हे दोन आजार एकच समजले जात. वॉल्टर लीव्हर नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये ते वेगळे करून दाखवले. नावं सारखी असली तरी पुढची वाट वेगळी आहे, म्हणून आजच अण्णांचं तोंड उघडून गालाच्या आत आणि हिरड्यांवर टॉर्च मारून बघा. पेम्फिगॉइडमध्येही काहींच्या तोंडात थोड्या जखमा असतात, पण तोंड हेच मुख्य ठिकाण असेल तर ते मला वेगळं सांगतं.

आता सासूबाईंची चप्पल. घासून फोड यायला कातडी जाड लागते आणि ती खालच्या भागाला घट्ट चिकटलेली लागते. म्हणून असे फोड तळव्याला, टाचेला, अंगठ्याच्या कडेला येतात, आणि कोयती किंवा फावडं धरणाऱ्याच्या तळहाताला येतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या दंडावरची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. तिथे घासलं तर टम्म फोड येत नाही, कातडीच फाटते किंवा जांभळा डाग पडतो. घासल्याचा फोड काही तासांत उठतो, एक-दोनच असतो, आणि चप्पल बदलली की आठवड्याभरात वाळतो. पेम्फिगॉइडचे फोड मुख्यतः येतात ते मांड्यांच्या आतल्या बाजूला, जांघेत, काखेत, बेंबीच्या खाली आणि दंडा-कोपरांच्या आतल्या, मऊ बाजूला. अण्णांनी वाडीतल्या सगळ्या आरत्यांना चप्पल घातली असेल, तरी ती या जागांपर्यंत पोचत नाही.

काकांचा किडा मात्र इतक्या सहज हटवता येत नाही. कोकणातल्या पावसात किडे असतात हे खरंच आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायावर चाव्याचा मोठा फोड कधी कधी येतोही. पण चावा उघड्या अंगावर असतो: पोटऱ्या, घोटे, हात, मान. तीन-चार जवळजवळ किंवा एका ओळीत. नीट पाहिलं तर मधोमध बारीक टोचल्याची खूण दिसते. आठ-दहा दिवसांत तो विषय संपतो. चड्डीच्या आत, दोन्ही मांड्यांवर, आठवड्यामागून आठवडे नवे चावे येत असतील तर किडा घरातल्या एकाच माणसाला का पकडून बसलाय, हा प्रश्न काकांनाच विचारा. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा एक बारीक, काळा-नारिंगी लांबट किडा आहे. तो अंगावर चिरडला की सकाळी मानेवर किंवा कोपरात लाल रेघ उठते, तिच्यावर पिवळसर फुणशा येतात, आणि ती खाजत कमी, भाजल्यासारखी जळजळते जास्त. कोपर दुमडलं की समोरासमोर तशीच दुसरी छाप उमटते. अण्णांचं तसं वाटत नाही. काजूच्या सालीच्या तेलानेही असेच फोड येतात, पण बिया फोडण्याचे दिवस केव्हाच गेले.

खरी फसगत होते ती फोड येण्याच्या आधीच्या काळात. पेम्फिगॉइडच्या पहिल्या आठवड्यांत किंवा महिन्यांत फोड नसतातच. नुसती खाज, किंवा गांधी उठल्यासारखे लाल चट्टे, किंवा इसबासारखं काहीतरी. ते चट्टे अगदी चाव्यासारखे किंवा अंगावर पित्त उठल्यासारखे दिसतात. मीही यात फसलेय, आणि ती गोष्ट सांगते, कारण तुम्हाला पुढे काय काय होऊ शकतं हे त्यातून कळेल.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एक आजी, वय ८१. मार्चमध्ये माझ्याकडे आल्या तेव्हा अंगभर खाज आणि पोटावर लाल गांधी. त्याआधी कुणीतरी खरूज समजून घरातल्या सातही माणसांना मानेपासून तळव्यापर्यंत खरजेचं मलम चोळायला लावलं होतं, चादरी उकळून झाल्या होत्या. घरात दुसरं कुणीच खाजवत नव्हतं, तरी. मी खरूज नाही म्हटलं, इतपत बरोबर. पण पित्त म्हणून खाजेच्या गोळ्या देऊन पाठवलं. एक साधी गोष्ट मी त्या दिवशी केली नाही, ती आता प्रत्येक वयस्कर माणसाच्या घरच्यांना करायला लावते. बॉलपेन घ्यायचं आणि लाल चट्ट्याच्या कडेने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघायचं. पित्ताची गांधी २४ तासांत त्या जागेवरून उतरते, रेघ राहते आणि आत कातडी साफ असते. पेम्फिगॉइडचा चट्टा तिथेच बसलेला असतो, दोन दिवसांनीही. आजींची नात मे महिन्यात त्यांना घेऊन परत आली तेव्हा रेघ मारायची गरजच उरली नव्हती. मांड्यांच्या आत सुपारीएवढे सहा-सात फोड होते आणि फुटलेल्यांच्या जागी लाल ओली कातडी.

त्या दिवशी मी पहिला प्रश्न विचारला, तोच तुम्हाला विचारते. अण्णा शुगरसाठी कुठली गोळी घेतात? पाकीट घ्या, ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं ते वाचा. त्या नावाचा शेवट 'ग्लिप्टिन' असा होतो का? विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, अशी ही मंडळी. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, म्हणून दोन्ही नावं वाचा. या गोळ्या घेणाऱ्यांना पेम्फिगॉइड होण्याची शक्यता वाढते हे आता नीट माहीत झालेलं आहे, आणि त्यात विल्डाग्लिप्टिनचं नाव सर्वात पुढे आहे. गोळी सुरू केल्यावर लगेच काही होत नाही. कित्येक महिने, कधी दोन-दोन वर्षं जातात, म्हणून घरच्यांना संबंध सुचत नाही. 'ती तर जुनीच गोळी आहे हो,' असं मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळतं. आजी दीड वर्षापासून विल्डाग्लिप्टिन-मेटफॉर्मिन घेत होत्या.

पण गोळी तुम्ही स्वतःहून बंद करू नका. शुगर अचानक वाढली तर जखमा चिघळतील, आणि पुढे स्टेरॉइड लागलंच तर आणखी वाढेल. जे डॉक्टर शुगर बघतात त्यांना फोन करा, 'पेम्फिगॉइडची शंका आहे, ग्लिप्टिन बदलून दुसरं काही देता येईल का' असं स्पष्ट विचारा. बहुतेक वेळा बदलता येतं. लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्यांचाही असा संबंध दिसलेला आहे, म्हणून बीपीची, हृदयाची, सगळीच पाकिटं एका पिशवीत घालून न्या. आणि हो, झटका येऊन गेलेल्या, कंपवात किंवा विसरभोळेपणाचा आजार असलेल्या वृद्धांत हा आजार जास्त दिसतो. कातडीच्या खिळ्यांमधली जी प्रथिनं आहेत त्यांची भावंडं मेंदूतही असतात, बहुधा म्हणून. तेव्हा चार वर्षांपूर्वीचा झटका डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. त्वचारोगतज्ज्ञ कातडीला भूल देऊन दोन तुकडे घेतील, प्रत्येकी साधारण ४ मिलिमीटरचा. पहिला तुकडा नव्या, एक-दोन दिवसांच्या फोडाच्या कडेचा. तो फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. जुना फोड चालत नाही, कारण चार-पाच दिवसांत फोडाच्या तळाशी नवी कातडी धरू लागते आणि मायक्रोस्कोपखाली चीर भलत्याच पातळीवर दिसते. दुसरा तुकडा फोडाशेजारच्या, डोळ्यांना चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. यावर प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी होते. तिला इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. पेम्फिगॉइड असेल तर गिलावा आणि भिंत यांच्या मधल्या रेषेवर एक सलग चमकती रेघ दिसते. हा दुसरा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की संपलं, काहीच चमकत नाही. त्याला मिशेल्स मीडियम नावाचं वेगळं द्रावण लागतं, आणि ते नसेल तर साध्या सलाईनमध्ये ठेवून २४ तासांत लॅबला पोचवावा लागतो. आपल्याकडून हा तुकडा बहुधा मुंबई-पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या लॅबकडे जातो, तेव्हा तो रात्रीच्या गाडीने निघणार की दोन दिवस कुरिअरच्या कपाटात पडणार, हे आधी विचारा. एका रुग्णाचे दोन्ही तुकडे एकाच बाटलीत आलेले मी पाहिलेत. तुकडा परत घ्यावा लागला, म्हाताऱ्याला दोनदा टोचणं झालं. बाटल्या दोन आहेत ना, त्यावर वेगवेगळी लेबलं आहेत ना, एवढं बघायला घरच्या माणसाला डॉक्टर असावं लागत नाही.

तपासणीपर्यंत ती मेडिकलमधली ट्यूब बंद ठेवा. 'खाज, खरूज, नायटा, सगळ्यावर एकच' अशा त्या ट्यूबांत अनेकदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे चार दिवस बरं वाटतं, कारण ते या आजाराचं खरं औषध आहे, फक्त पुरेशा प्रमाणात आणि योग्य पद्धतीने नाही. म्हणजे ट्यूबचा तुम्हाला आलेला अनुभवसुद्धा एक खूणच आहे.

गंमत म्हणजे उपचारही मुख्यतः मलमाचाच असतो. खूप तीव्र स्टेरॉइड मलम, क्लोबेटासोल ०.०५ टक्के. फक्त नखभर लावायचं नसतं. थोडे फोड असतील तर दिवसाला १० ते २० ग्रॅम, अंगभर असतील तर ३०-४० ग्रॅमपर्यंत, आणि तेही चेहरा सोडून चांगल्या कातडीवरसुद्धा. बाजारातली मोठी ट्यूब ३० ग्रॅमची असते, म्हणजे हिशेब लक्षात घ्या. आकडा ऐकून घरचे घाबरतात, पण फ्रान्समधला २००२ चा मोठा अभ्यास सांगतो की आजार पसरलेल्या वृद्धांमध्ये मलम लावणारे प्रेडनिसोलोन जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. गोळ्यांमुळे होणारे संसर्ग, शुगर आणि हाडांची झीज म्हाताऱ्या शरीराला जास्त जड जातात. मलमही निरुपद्रवी नाही. ते इतक्या प्रमाणात लावलं की थोडं अंगात जातं, कातडी पातळ होते, शुगर वाढू शकते. पण प्रमाण डॉक्टर ठरवणार, तुम्ही नाही. अण्णांच्या घरात रोज संध्याकाळी अंगभर मलम लावायला माणूस आहे की नाही, हा प्रश्न औषधाच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. कधी प्रेडनिसोलोनची गोळी लागते, वजनाच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०. कधी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०१७ च्या अभ्यासात डॉक्सिसायक्लिनने फोड तितके लवकर आवरले नाहीत, सहा आठवड्यांत १०० पैकी ७४ जणांचे, तर प्रेडनिसोलोनने ९१ जणांचे. पण गंभीर त्रास निम्म्यावर आले. डॉक्सिसायक्लिन मिळालं तर पाण्याचा मोठा पेला भरून, बसून घ्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करतं.

आजींचं सांगायचं राहिलं. शुगरची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलली, मी क्लोबेटासोल रोज २० ग्रॅम सुरू केलं, नातीने ते लावलं. पहिल्या आठवड्यात खाज अर्ध्यावर आली, पण नवे फोड येतच होते आणि नातीचा रात्री फोन आला की औषध लागू पडत नाही. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला एक-दोन. तिसऱ्या आठवड्यात नवीन काहीच नाही. नवे फोड आणि खाज थांबून पंधरा दिवस गेल्यावरच मी मलम हळूहळू कमी करायला घेतलं, आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. एकूण सात महिने लागले. मधे दिवाळीत नातीने स्वतःच मलम बंद केलं, तर चार फोड परत आले. जखमा भरल्यावर वण राहिले नाहीत, फक्त काळपट डाग राहिले, कारण खिळे सुटले तरी भिंत शाबूत होती.

अण्णांच्या बाबतीतही हेच मोजायचं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या दिवशी आलेल्या नव्या फोडांचा आकडा लिहा, जुने मोजू नका, आणि खाजेला दहापैकी किती ते अण्णांनाच विचारून शेजारी टाका. कुठलाही डॉक्टर 'कसं आहे?' विचारेल, तेव्हा 'थोडं बरं वाटतंय' या उत्तरापेक्षा '५, ४, ४, १' हे उत्तर जास्त कामाचं आहे. फोन असेल तर पहिल्या दिवशीचा फोटोही काढून ठेवा, नाणं शेजारी ठेवून.

फोड फोडायचे का? लहान तसेच ठेवा. मोठा, दुखणारा किंवा चालताना घासणारा असेल तर त्यातलं पाणी काढायचं, पण टप काढायचं नाही. हेच टप नैसर्गिक पट्टीचं काम करतं. हात साबणाने धुऊन, फोड उकळून गार केलेल्या पाण्याने पुसून, इंजेक्शनची नवीन सीलबंद सुई फोडाच्या सगळ्यात खालच्या कडेला आडवी टोचायची, म्हणजे पाणी खाली ओघळतं. वरून स्वच्छ गॉजने हलकं दाबायचं. टप खाली बसलं की त्यावर व्हॅसलिन लावून न चिकटणारी पट्टी. अण्णांच्या कातडीवर चिकटपट्टी लावू नका. ती काढताना कातडी तिच्याबरोबर निघते. गॉजवर बँडेज गुंडाळा आणि बँडेजलाच पिन लावा. रात्री ओल्या जखमांना चादर चिकटत असेल तर चादरीवर स्वच्छ धुतलेलं कोवळं केळीचं पान पसरा. आपल्याकडच्या रुग्णालयांतही निर्जंतुक केलेलं केळीचं पान जखमांसाठी वापरतात, ते चिकटत नाही आणि थंड असतं. मुठेल, हळद, राख, कोरफड, यातलं काहीच तपासणीआधी लावू नका. मुठेल भेगांना चांगलं, उघड्या जखमेला नाही.

एकदोन गोष्टी मात्र त्याच दिवशी रुग्णालय दाखवणाऱ्या आहेत. ताप आला, जखमेतून पू किंवा वास, भोवतीची लाली पसरत चाललेली, अण्णा खाणं-पिणं टाळू लागले, किंवा फोड पाठ-छातीभर झाले, तर त्वचारोगतज्ज्ञाची वेळ बघू नका, सरळ तालुक्याचं रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. डोळे लाल होऊन चिकटत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि गेल्या महिन्याभरात एखादं नवं औषध सुरू झालेलं असेल, कातडी दुखत असेल, तोंड आणि डोळे एकदम सोललेले असतील, तर ते औषधाची गंभीर रिअॅक्शन असू शकते, तिथे एक रात्रही थांबायची नाही.

तुम्ही फोन करून आठवड्याच्या आतली वेळ मागा. ओळखीचे कुणी रत्नागिरी, कुडाळ किंवा कणकवलीला त्वचेचे डॉक्टर असतील तर 'वृद्ध, खाज, टम्म फोड, ग्लिप्टिनची शंका' इतकं सांगा, मधल्या रांगा कमी होतात. तुमच्या डॉक्टरांना पेम्फिगॉइड नाही असं वाटलं, तरी तपासणीचं कागदपत्र मागून घ्या.

आता टाचेवरच्या फोडाबद्दल. तो बहुधा खरंच चप्पलेचा आहे. सासूबाई तेवढ्यापुरत्या बरोबर आहेत, त्यांना तसं सांगाच. तो एकटा आहे, जाड कातडीवर आहे आणि दाबला की दुखतो. त्याला चप्पल बदला आणि पट्टी लावा. फक्त तुकडा काढायच्या दिवशी डॉक्टरांना तो दाखवताना सांगा की हा नाही, मांडीवरचा, कालच आलेला बघा.